दुधी कडू लागला तर पेला तिथेच ठेवा

दुधी भोपळा ही आपल्याकडची सर्वांत गरीब स्वभावाची भाजी समजली जाते. तापातून उठलेला माणूस असो, बाळंतीण असो, कवळी बसवलेले आजोबा असोत, दुधीची भाजी कोणालाही बिनघोर वाढता येते. म्हणूनच या भाजीचा कच्चा रस पिऊन कोणी रक्ताची उलटी करत अतिदक्षता विभागात पोचलं, किंवा दगावलं, असं कानावर आलं की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. मग लोकांचे दोन तट पडतात. एक तट ही अफवा म्हणून झटकून टाकतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा रस काढायला बसतो. दुसरा घाबरून घरात दुधी आणणंच बंद करतो. माझ्या मते दोघंही चुकतात. कडू नसलेला दुधी विषारी नाही, तो भाजीत खा की हलव्यात. कडू दुधी मात्र विषारी असू शकतो, आणि या दोहोंतला फरक ओळखायचं साधन प्रयोगशाळेत नाही, आपल्या तोंडात आहे. अडचण एवढीच की रस करताना आणि पिताना आपण नेमकं हेच साधन बाजूला ठेवतो. बाकीचा लेख या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी हा कडवटपणा येतो कुठून ते पाहू. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं, पडवळ, कलिंगड, लाल भोपळा ही सगळी एकाच कुळातली वेलवर्गीय फळं. या कुळातल्या वनस्पती कुकुर्बिटासिन नावाची अत्यंत कडू द्रव्यं तयार करतात. कीड आणि चरणारी जनावरं दूर राहावीत म्हणून वेलीने केलेला हा बंदोबस्त आहे. रानटी वेलींची फळं त्यामुळे तोंडात धरवत नाहीत. माणसाने हजारो वर्षं कमी कडू फळांचं बी राखून ठेवलं, तेच पुन्हा पेरलं, आणि आजचे गोडे वाण तयार झाले. पण वेलीची ही जुनी क्षमता समूळ गेलेली नाही, ती फक्त दबलेली आहे. कडक ऊन, पाण्याची ओढ, तापमानातले मोठे चढउतार, निकस जमीन, फळ वेलीवर जून होणं किंवा तोडल्यावर चुकीच्या पद्धतीने फार दिवस साठवणं, यांपैकी काहीही घडलं तर ती उफाळून येऊ शकते. कधी दोष बियाण्यातच असतो. एकाच वेलीचा एक दुधी गोडा आणि दुसरा कडू निघू शकतो. दुर्दैवाने बाहेरून काही कळत नाही. साल तुकतुकीत, रंग पोपटी, नखाने टोचली तर सहज टोचली जाईल इतकी कोवळी, असा सर्व परीक्षांत उतरलेला दुधीही आतून कडू असू शकतो.

कडू दुधीचे हे गुण आपल्या परंपरेला नवे नाहीत, आणि ही गोष्ट रस पिणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यायला हवी, कारण रसाचं समर्थन बहुधा आयुर्वेदाच्या नावाने होतं. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी, वापरायच्या द्रव्यांवर एकेक अध्याय आहे. मदनफळ म्हणजे गेळफळ त्यात पहिलं, आणि तिसरा अध्याय इक्ष्वाकूचा. इक्ष्वाकू म्हणजे कडू भोपळा. प्राचीन वैद्यांना हे फळ ओकारी आणणारं औषध म्हणून ठाऊक होतं, आणि ते कोणाला, कधी, कशाबरोबर द्यायचं याचे नियम त्यांनी बांधून ठेवले होते. रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर प्यायचं पेय म्हणून ते त्यात येत नाही. तेव्हा कडू दुधीचा रस पिऊन उलटी झाली, की 'शरीरातली घाण बाहेर पडली' असं समाधान मानणाऱ्याने आयुर्वेदाची साक्ष काढू नये.

आधुनिक काळात हा प्रश्न आपल्याकडे गांभीर्याने घेतला गेला तो २०१० नंतर. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दिल्लीतल्या एका दांपत्याने दुधी आणि कारलं यांचा एकत्र रस घेतला. बातम्यांनुसार ते कित्येक वर्षं असा रस नियमित घेत होते. त्या दिवशीचा रस नेहमीपेक्षा कडू होता, तरी दोघांनी तो प्यायला. काही वेळातच दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. पत्नी उपचारांनी वाचली, पतीचा मृत्यू झाला. या घटनेनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने ठिकठिकाणचे रुग्ण शोधून त्यांच्या नोंदी तपासल्या, आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये परिषदेच्या संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात ताज्या दुधीरसाने बाधा झालेल्या २६ रुग्णांची माहिती आहे. पोटदुखी आणि उलट्या ही मुख्य तक्रार. १८ जणांना जुलाब झाले, १९ जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. निम्म्याहून अधिक जणांचा रक्तदाब खाली गेला होता. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा बहुतेकांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात, जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला जखमा आणि रक्तस्राव दिसला. यकृताची विकरंही वाढलेली होती. तीन जण दगावले, आणि ते तरुण नव्हते, साठीच्या आसपासचे होते.

या आकड्यांमधली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. उलटी आणि जुलाब कुठल्याही शिळ्यापाक्या अन्नाने होतात, पण रक्ताची उलटी होत नाही. इथे ती बहुसंख्य रुग्णांना झाली. म्हणजे हे द्रव्य जठराच्या आतल्या अस्तराला थेट भाजून काढतं. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत कुकुर्बिटासिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी भोवतालच्या पेशीजालात उतरतं, असं दिसलं आहे. उलट्या-जुलाबांनी एकीकडे पाणी बाहेर जात असताना रक्तवाहिन्यांतूनही असं पाणी गळत असेल, तर रक्तदाब का कोसळतो याचा उलगडा होतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर शिरेतून पाणी आणि क्षार देतात, आम्ल कमी करणारी औषधं देतात, रक्तस्राव आटोक्यात आणतात, रक्तदाब सांभाळतात, आणि शरीर सावरेपर्यंत वेळ मिळवून देतात. बहुतेक रुग्ण यातून काही दिवसांत बरे होतात. मात्र वय झालेल्या, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाकडे हा वेळ कमी असतो. आणि दुधीचा रस नेमाने पिणारी मंडळी नेमकी याच गटातली असतात.

आता कोणीही विचारेल, की कडू दुधी आजचा नाही, मग पिढ्यान्‌पिढ्या भाजी खाणाऱ्या घरांतून असे रुग्ण का दिसले नाहीत? उत्तर भाजी आणि रस यांच्यातल्या फरकात आहे. कडू दुधीची भाजी ताटात आली तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं होतं, घास बाहेर येतो, आणि कढई रिकामी केली जाते. पोटात गेलं तर चमचाभर. रसाचं तसं नाही. पेलाभर रसाला अर्धा किलोच्या आसपास दुधी लागतो. एवढी भाजी एक माणूस एका बैठकीला खात नाही, पण एवढा रस मात्र अर्ध्या मिनिटात घशाखाली जातो. तो उपाशीपोटी जातो, म्हणजे त्याला विरळ करायला जठरात दुसरं काही नसतं. चावण्याचा टप्पा नसल्याने जिभेला हरकत घ्यायला सवड मिळत नाही. नाक दाबून, एका दमात पिणं ही तर अनेकांची रीतच. परिषदेने नोंदलेल्या रुग्णांच्या पोटात गेलेला रस साधारण ५० ते ३०० मिलिलिटर होता. म्हणजे खालच्या टोकाला तो अर्ध्या कपाहूनही कमी होता.

त्यातच रस पिण्याजोगा करण्यासाठी आपण जे काही घालतो ते सगळं जिभेच्या या सूचनेच्या विरोधात काम करतं. आवळा, आलं, पुदिना, लिंबू यांच्या उग्र चवी कडवटपणाला झाकतात. काळं मीठ तर नुसतं झाकत नाही. मिठातला सोडियम कडू चवीची जाणीवच मंद करतो, हे चवीच्या अभ्यासातून चांगलं ठाऊक आहे. आणि कारल्याचा रस मिसळला की प्रश्नच मिटला. रस कडूच असणार हे आधीच गृहीत धरलेलं, मग त्यातला कोणता कडूपणा कारल्याचा आणि कोणता दुधीचा हे कोण सांगणार? परिषदेच्या समितीने दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. मला ही शिफारस त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि सर्वांत कमी पाळली जाणारीही.

याच्याही वर बसलेला अडथळा मनातला आहे. 'कडू तेवढं औषधी' असं लहानपणापासून आपल्या कानी पडलेलं असतं. गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी, मधुमेहाला मेथ्या आणि कारलं, तापाला काडेचिराईत. त्यामुळे दुधीचा रस कडू लागला की माणूस थांबण्याऐवजी खूश होतो, आज औषध जोरदार उतरलं म्हणतो. कारलं कडू असूनही चालतं, मग दुधी का नाही, हा आक्षेप म्हणून वरवर बिनतोड दिसतो. पण कारल्याचा कडूपणा ही त्या भाजीची नेहमीची, ठरलेली अवस्था आहे. त्यातली कडू द्रव्यं दुधीतल्या कडू द्रव्यांच्या नात्यातली असली तरी तीच नव्हेत, आणि भाजीच्या प्रमाणात ती माणसाला सोसतात हा पिढ्यांचा अनुभव पाठीशी आहे. दुधीचा कडूपणा हा बिघाड आहे. जी भाजी गोडी असायला हवी ती कडू झाली, याचा अर्थ त्या फळात काहीतरी वेगळं घडलं आहे. नासलेलं दूध आंबट लागतं म्हणून आपण ताकाला दोष देत नाही, आणि ताक चालतं म्हणून नासलेलं दूध पीत नाही. प्रश्न नुसत्या चवीचा नाही, ती चव त्या पदार्थात अपेक्षित होती का, याचा आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो. 'आम्ही दहा वर्षं पितोय, आम्हाला कुठे काय झालं?' हे बोलणं खोटं नाही. लाखो लोक हा रस पितात आणि बाधा होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. बाधा दुर्मीळ आहे कारण बाजारातले बहुतेक दुधी गोडे असतात. पण दहा वर्षांत प्यायलेला प्रत्येक पेला वेगळ्या दुधीचा होता. त्या हजारो दुधींनी आजच्या दुधीची हमी दिलेली नाही. दिल्लीच्या दांपत्याचीही अनेक वर्षांची सवय होती, आणि त्या सवयीने एका सकाळच्या दुधीपुढे काही संरक्षण दिलं नाही. सवयीचा उलट एक तोटा मात्र होतो, माणूस चव बघायचंच सोडून देतो. धडधाकट माणसाला काही होत नाही या समजुतीलाही फार भाव देऊ नये. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात नियमित धावणाऱ्या, चाळिशीतल्या एका महिलेने सकाळच्या व्यायामानंतर दुधीचा रस घेतला, तिला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली होती. बातमी म्हणजे वैद्यकीय अहवाल नव्हे, त्यामुळे त्यावरून मोठा निष्कर्ष काढणार नाही. परंतु परिषदेने तपासलेल्या रुग्णांतही तरुण होतेच.

तिसरा आक्षेप उपायाच्या रूपात स्वयंपाकघरातून येतो. कडू काकडीचा देठाकडचा भाग कापून तो घासायचा, फेस काढायचा, मीठ लावून ठेवायचं, तसं दुधीचं करावं. किंवा सरळ उकळावा, म्हणजे विष मरेल. पण कुकुर्बिटासिन उष्णतेने नष्ट होत नाही. याची ठळक साक्ष जर्मनीतली आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात हायडेनहाइम गावच्या एका ७९ वर्षांच्या गृहस्थाने शेजाऱ्याने बागेत पिकवलेल्या झुकिनीचा शिजवलेला पदार्थ खाल्ला. झुकिनी ही दुधीच्याच कुळातली. पदार्थ कडू लागत होता. पत्नीने थोडा खाऊन सोडला, त्यांनी मात्र पानातलं संपवलं. दोघंही रुग्णालयात दाखल झाले, पत्नी वाचली, त्यांचा मृत्यू झाला. पदार्थ शिजलेला होता, फळ ताजं होतं. फरक होता तो किती खाल्लं याचा, आणि जिभेचं कोणी किती ऐकलं याचा. कडू भोपळा सगळ्या तीर्थांत बुडवून आणला तरी कडूच राहिला, ही तुकोबांच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट मनाच्या शुद्धीबद्दल आहे हे खरं, पण सांगणाऱ्याला भोपळाही चांगला माहीत होता.

याच उदाहरणातून चौथ्या आक्षेपाचंही उत्तर निघतं. दुधी कडू होतो तो फवारण्यांमुळे, किंवा रातोरात वाढावा म्हणून दिलेल्या इंजेक्शनमुळे, तेव्हा घरचा किंवा सेंद्रिय दुधी घेतला की काळजी नाही, असं अनेकांना वाटतं. शेतमालातल्या रसायनांची काळजी करू नये असं मी म्हणणार नाही, तो स्वतंत्र विषय आहे. पण कडू करणारं द्रव्य वेल स्वतः बनवते, ते बाहेरून कोणी घालत नाही. गच्चीवरच्या कुंडीत, शेणखतावर वाढलेला, एकही फवारणी न पाहिलेला दुधी तितकाच कडू निघू शकतो. किंबहुना कुंडीतल्या वेलीला मे महिन्यात पाण्याची ओढ बसण्याची शक्यता मळ्यातल्या वेलीपेक्षा जास्तच.

मग करायचं काय? काम मिनिटभराचं आहे. दुधी धुऊन, सोलून, दोन्ही टोकं कापा. देठाकडून एक आणि मधून एक अशी नखाएवढी फोड घ्या. दुधी मोठा असेल तर दुसऱ्या टोकाचीही घ्या, कारण कडवटपणा सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. फोड कच्चीच, मीठ न लावता, पुढच्या दातांनी चावून जिभेवर घोळवा आणि थुंकून टाका. गोड्या दुधीची चव फिकी, पाणचट, किंचित गोडसर असते. कडू दुधी ओळखायला विचार करावा लागत नाही. ही चव जिभेच्या मागे चिकटून राहते, चूळ भरली तरी लवकर जात नाही. जराशी शंका आली तरी तो अख्खा दुधी टाका. कडू भाग कापून उरलेला वापरायचा मोह होतो, भाजी महाग असली की जास्तच, पण इथे वाचवायचे ते वीस-तीस रुपये नाहीत. ही चव प्रत्येक दुधीची घ्यायची, पिशवीतल्या एकाची घेऊन बाकीच्यांची खात्री धरायची नाही. आणि ती किसण्याआधी, मिक्सरमध्ये काही घालण्याआधी घ्यायची. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही असा ज्या घरांत दंडक आहे, तिथे हलव्यासाठीचा दुधी सोलतानाच त्याची कच्ची फोड चाखावी. नाहीतर दूध, साखर आणि तूप घालून झाल्यावर कळतं, आणि तेव्हा टाकायला जीव होत नाही.

जिभेलाही मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. कडू चव ओळखणारे ग्राहक प्रत्येकाचे सारखे नसतात. एकाला असह्य वाटणारी चव दुसऱ्याला जेमतेम जाणवते. वयानुसार चव बोथट होते, काही औषधांनी ती बदलते, सर्दीपडशात आणि कोविडनंतर काहींची ती गेलेली असते. सत्तरीच्या आजोबांसाठी रस निघत असेल तर फोड घरातल्या धाकट्याने चाखावी, आणि शक्यतो दोघांनी. मोठ्यांनी पेला हातात घेतल्यावरही पहिला घोट छोटा घेऊन तोंडात क्षणभर धरावा. नाक दाबून, गटागटा पिण्याची रीत या रसापुरती तरी सोडावी. माझं स्वतःचं मत विचाराल तर दुधीचे जे काही गुण असतील ते भाजी, भरीत किंवा थालीपिठातून घेणं अधिक शहाणपणाचं. कच्च्या रसाने मधुमेह किंवा रक्तदाब बरा होतो असं म्हणायला भक्कम आधार नाही, आणि गोळ्या बंद करून रसावर राहणं हा तर वेगळाच धोका. पण ज्यांना रस प्यायचाच आहे त्यांना मी नको म्हणत नाही. चाखून, ताजा काढून, दुसरं काही न मिसळता प्या.

बागेबाहेर, जॉगिंग ट्रॅकशेजारी सकाळी मांडलेल्या टेबलांवरच्या रसाबद्दल मात्र मी जास्त कडक बोलेन. तिथे गव्हांकुर, कोरफड, आवळा, कारलं, दुधी असे डबे आणि बाटल्या ओळीने असतात. दुधीचा रस पहाटेच एकत्र काढून आणलेला असतो. दहा दुधींत एक कडू असला तर त्याची चव इतर नऊंच्या रसात पसरते, कोणालाच ठसठशीत कडू लागत नाही, आणि थोडं थोडं सगळ्यांच्या पोटात जातं. शिवाय मागणी बहुधा 'मिक्स'चीच असते. विक्रेता प्रामाणिक असला तरी त्याने प्रत्येक फळ चाखलं आहे का हे तुम्हाला पाहता येत नाही. समोर कापून, चाखून, फक्त दुधीचाच रस काढून देणारा असेल तर घ्या. बाटलीतून ओतून देणाऱ्याकडे रस घेण्यापेक्षा काकडी-गाजर खाणं बरं.

एवढं करूनही कडू रस पोटात गेलाच तर? लक्षणं काही मिनिटांत दिसू शकतात, किंवा काही तास लागू शकतात. मळमळ, पोटात पीळ पडणं, उलट्या, जुलाब, घाम, चक्कर. यांपैकी काहीही सुरू झालं की घरच्या उपायांत वेळ घालवू नये. मुद्दाम उलटी काढायला घशात बोटं घालू नयेत, कारण भाजलेल्या अन्ननलिकेवरून ते द्रव्य पुन्हा वर येतं. जुलाब थांबवण्याची गोळी घेऊन झोपून राहू नये. उलटीत रक्त दिसलं, ती कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट आली, शौच डांबरासारखं झालं किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर स्वतः गाडी चालवत न जाता १०८ ला फोन करावा. मधुमेही माणसाने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं असेल आणि पोटात काही ठरत नसेल, तर साखर झपाट्याने उतरू शकते. ती तपासून घ्यावी आणि डॉक्टरांना तसं सांगावं. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावंही त्यांच्यापुढे ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचं वाक्य मात्र एकच: 'सकाळी इतक्या वाजता इतका दुधीचा रस प्यायला, तो कडू होता.' हे कोणी सांगितलं नाही तर तपासणारा डॉक्टर साध्या अन्नविषबाधेचा विचार करतो, सलाइन लावून संध्याकाळी घरी पाठवू शकतो, आणि रक्तदाब रात्री कोसळतो. उरलेला रस आणि दुधीचा तुकडा पिशवीत बरोबर न्यावा. ज्यांनी तोच रस प्यायला पण ज्यांना अजून काही होत नाही, त्यांनीही रुग्णालयात बरोबर जावं.

परसात किंवा गच्चीत वेल लावणाऱ्यांसाठी एक तपशील बाकी आहे, आणि त्याबद्दल गैरसमज फार. शेजारी कडू भोपळ्याची वेल असेल तर तिच्या परागामुळे आपला दुधी कडू होतो, असं म्हणतात. ते तसं होत नाही. फळाचा गर आईच्या वेलीचाच असतो, त्यामुळे यंदाचं फळ परागाने बदलत नाही. बदलतं ते त्याच्या पोटातलं बी. अशा फळाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर निघणारी वेल कडू असू शकते, आणि दिसायला ती अगदी साधी असते. म्हणून आसपास रानभोपळे किंवा शोभेचे भोपळे असतील तर घरचं बी न राखता दर वर्षी खात्रीचं बियाणं विकत घ्यावं. लागोपाठ फळं कडू यायला लागली तर वेल उपटावी. उन्हाळ्यात पाणी नियमित द्यावं, आणि फळं कोवळी असतानाच तोडावीत. कडू निघालेल्या दुधीच्या साली आणि फोडी सवयीने गायीपुढे टाकू नयेत, या द्रव्याने जनावरांनाही बाधा होते. बिया काढून त्या कचऱ्यात द्याव्यात, गर हवा तर खतात घालावा. बियांसकट घातला तर पावसाळ्यात त्याच खड्ड्यातून वेल वर येते, आपोआप आलेली म्हणून कौतुकाने मांडवावर चढवली जाते, आणि श्रावणात तिचा पहिला दुधी कापला जातो.